नऊ रुपयांचा तास, सदुसष्ट रुपयांचा तास

ओटीटीची कोणती वर्गणी चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची, हे ठरवण्यासाठी एक सोपा भागाकार सगळ्यांना सुचतो. महिन्याला किती पैसे जातात ते घ्यायचं, त्याला महिन्यात प्रत्यक्ष किती तास पाहिलं त्याने भागायचं, आणि तासामागे किती रुपये पडले ते बघायचं. ज्याचा तास महाग पडतो ते बंद करायचं, ज्याचा स्वस्त पडतो ते ठेवायचं. हा भागाकार करणं न करण्यापेक्षा कितीतरी बरं. एखादं ॲप तीन महिन्यांत उघडलंच नसेल, तर ते त्यात लगेच सापडतं. पण वर्गणी ठेवावी की सोडावी हा निर्णय या भागाकाराच्या भरवशावर घेतला, तर तो पुष्कळदा चुकतो आणि बहुतेक वेळा एकाच दिशेने चुकतो. सोडायला हरकत नव्हती अशी वर्गणी स्वस्त दिसते आणि चालू राहते. कारण भागाकारातून सरासरी कळते, आणि निर्णय घेताना सरासरीचा उपयोग नसतो. पुढचे जे पैसे भरणार आहोत त्यांच्या बदल्यात, एरवी मिळाले नसते असे किती तास मिळणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर काढायला थोडी जास्त आकडेमोड लागते, पण ती घरच्या घरी जमण्यासारखी आहे.

आधी तास मोजायलाच का हवेत, ते पाहू. आपण किती पाहतो हे आपल्याला ठाऊक असतं, असं प्रत्येकाला वाटतं. वर्गणीच्या बाबतीत हा अंदाज किती फसतो, याचा एक भक्कम पुरावा अर्थशास्त्रात आहे. स्टेफानो डेलाविग्ना आणि उल्रिके मालमेंडियर या दोघांनी २००६ साली अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या हजेरीपटांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त फी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी साडेचार वेळाही जात नव्हते. म्हणजे एका खेपेला त्यांना सतरा डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच व्यायामशाळेत दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप दहा डॉलरला मिळत होती. हे लोक हिशेबात कच्चे नव्हते. नाव नोंदवताना त्यांनी स्वतःच्या पुढच्या वागण्याचा जो अंदाज बांधला होता, तो उत्साही होता. शिवाय जाणं बंद झाल्यावरही सभासदत्व रद्द करायला त्यांना सरासरी दोन महिन्यांहून जास्त वेळ लागला. व्यायामशाळेला निदान घरातून निघून जावं लागतं, त्यामुळे आपण जात नाही हे जाणवत राहतं. ॲप मात्र टीव्हीच्या पडद्यावर रोज समोर दिसतं. ते दिसतं म्हणून आपण ते पाहतो असंही वाटतं, आणि अंदाज आणखी फसतो.

म्हणून तास आठवणीतून न लिहिता नोंदीतून काढावेत. नेटफ्लिक्सवर ही नोंद सर्वांत तपशिलात मिळते. खात्यात शिरून प्रत्येक प्रोफाइलची पाहण्याची यादी काढता येते, पण त्या यादीत फक्त नाव आणि तारीख असते. किती वेळ पाहिलं ते त्यात नसतं. दहा मिनिटांत सोडून दिलेला सिनेमा आणि शेवटपर्यंत पाहिलेला सिनेमा तिथे सारखेच दिसतात. त्यासाठी आपली वैयक्तिक माहिती मागवण्याची वेगळी विनंती करावी लागते. ती आली की तिच्यात `ViewingActivity.csv` नावाची फाइल असते आणि ती कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. `Duration` या स्तंभात प्रत्येक वेळी प्रत्यक्ष किती वेळ चाललं ते असतं. मात्र त्या स्तंभाची सरळ बेरीज करू नये. `Supplemental Video Type` या स्तंभात ज्या ओळींपुढे काही लिहिलेलं असेल, त्या ओळी म्हणजे ट्रेलर आणि यादी चाळताना आपोआप सुरू झालेले तुकडे. त्या आधी वगळायच्या. दुसरी गोष्ट वेळेची. `Start Time` मधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. नाहीतर एक तारखेच्या पहाटे पाहिलेला भाग आदल्या महिन्यात मोजला जातो, आणि रात्री नऊला पाहिलेली मालिका दुपारी साडेतीनची दिसते. ही वेळ नीट लावून घेणं महत्त्वाचं आहे, कारण पुढे एकाच वेळी दोन पडदे चालू होते का, हे तिच्यावरूनच काढायचं आहे. जिथे एवढी तपशीलवार नोंद हाताशी नसेल तिथे पाहिलेल्या गोष्टींच्या यादीवरून भाग मोजावेत आणि एका भागाच्या लांबीने गुणावं. थोडी चूक राहील, पण या कामाला तेवढी चालते.

आता एक घर घेऊ. समजा, ठाण्यातलं चौघांचं कुटुंब आहे: नवराबायको, बाहेरगावी शिकणारी आणि सुट्टीत घरी येणारी मुलगी, आणि आजी. दर २०२५ सालचे धरू. ते पुढे बदलले आणि बदलत राहतील, पण रीत तीच राहते. या घरात नेटफ्लिक्सचा स्टँडर्ड प्लॅन आहे, महिन्याला ४९९ रुपयांचा. ॲमेझॉन प्राइमचं वर्षाचं सदस्यत्व १,४९९ रुपयांचं आहे. आणि हॉटस्टार व जिओसिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये एकत्र आल्यावर जो जिओहॉटस्टार झाला, त्याचा वर्षाचा प्रीमियम प्लॅन आहे, तोही १,४९९ रुपयांचा. वर्षाचे एकूण ८,९८६ रुपये होतात. घरात क्रिकेटचं वेड आहे. आयपीएलच्या काळात जिओहॉटस्टारवर १२० तास पाहिलं गेलं. सुमारे पस्तीस सामने धरले तर हा आकडा सहज भरतो. उरलेल्या नऊ महिन्यांत मिळून ४५ तास. वर्षाचे १६५ तास झाले. १,४९९ ला १६५ ने भागलं की तासामागे नऊ रुपये येतात. नेटफ्लिक्सचा तास याच्यापुढे महाग दिसतो. भागाकारावर विसंबणारा माणूस इथे थांबतो आणि जिओहॉटस्टारच्या वार्षिक प्लॅनवर खूण करून तो चालू ठेवतो.

पण आयपीएलचे १२० तास मिळवायला वर्षाची वर्गणी लागतच नव्हती. २०२५ ची स्पर्धा २२ मार्चला सुरू झाली आणि मे महिन्यात आठवडाभर स्थगित होऊनही ३ जूनला संपली. पहिल्या चेंडूपासून अंतिम सामन्यापर्यंत चौऱ्याहत्तर दिवस. त्याच प्रीमियम प्लॅनचा तीन महिन्यांचा दर ४९९ रुपये होता, आणि स्पर्धा त्यात पुरी बसत होती. म्हणजे वर्षाचा प्लॅन घेताना वरचे १,००० रुपये भरले गेले ते फक्त उरलेल्या नऊ महिन्यांसाठी, आणि त्या नऊ महिन्यांत पाहिले गेले ४५ तास. तासाला बावीस रुपये झाले. आता ते ४५ तास काय होते ते बघायला हवं. समजा, त्यातले तीस तास मराठी मालिका होत्या. स्टार प्रवाहच्या मालिका या ॲपवर येतात, आणि त्याच मालिका त्या घरात केबलवरही येतात, ज्याचे पैसे वेगळे भरले जातातच. ॲप नसतं तरी त्या पाहता आल्या असत्या. केवळ या ॲपमुळे मिळालेले तास राहिले पंधरा. हजार भागिले पंधरा म्हणजे सदुसष्ट रुपये तास. एकच वर्गणी, एकच वर्ष, पाहिलेल्या तासांची तीच नोंद, आणि एका हिशेबाने तास नऊ रुपयांना पडतो तर दुसऱ्या हिशेबाने सदुसष्ट रुपयांना. पहिला आकडा खोटा नाही. वर्ष कसं गेलं ते तो सांगतो. वार्षिक प्लॅन पुन्हा घ्यावा का, याचं उत्तर मात्र त्याच्यात नाही. ते दुसऱ्या आकड्यात आहे.

क्रिकेटमुळे हा फरक इतका ठळक दिसतो, पण तो बहुतेक ठिकाणी असतो, कारण पाहणं कधीच बारा महिन्यांत सारखं वाटलेलं नसतं. एखाद्या मालिकेचा नवा हंगाम येतो, तो आठ-दहा दिवसांत संपतो, आणि मग महिना-दोन महिने त्या ॲपकडे कुणी फिरकत नाही. वार्षिक प्लॅनच्या जाहिरातीत बारा महिन्यांचे मासिक दर एकत्र मांडून त्यापुढे सवलत दाखवलेली असते. ती सवलत बाराही महिने घेणाऱ्यासाठी खरी असते. पण पाहणारा प्रत्यक्षात तीन किंवा चार महिनेच पाहणार असेल, तर त्याने तुलना बारा महिन्यांच्या दराशी न करता तीन-चार महिन्यांच्या दराशी करायला हवी. म्हणून वर्षभराच्या बेरजेला फार अर्थ नाही. दर महिन्याचे तास वेगळे लिहायला हवेत. बारा आकडे एका ओळीत मांडले की कुठले महिने भरलेले आणि कुठले रिकामे हे कुठल्याही सूत्राशिवाय दिसतं. रिकाम्या महिन्यांत वर्गणी बंद ठेवायला जो आधार लागतो तो भारतात आज आहे: मासिक किंवा तिमाही प्लॅन थांबवून पुन्हा सुरू करायला दंड नाही, प्रवेश फी नाही, नवं यंत्र बसवावं लागत नाही. डिश अँटेना बसवून घेण्याच्या दिवसांत असं म्हणता आलं नसतं.

इथे आजींच्या वतीने एक हरकत घ्यायलाच हवी, आणि ती रास्त आहे. मालिका केबलवर येतात म्हणून त्यांचे तीस तास हिशेबातून वगळले, पण संध्याकाळी दिवाणखान्यातला टीव्ही त्यांच्या हातात असतो का? रात्री साडेआठला तिथे बातम्या किंवा दुसरं काही चालू असेल, तर कागदावर फुकट असलेली मालिका त्यांना प्रत्यक्षात मिळतच नाही. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर ती पाहतात, आणि ते तास केवळ ॲपमुळेच मिळालेले असतात. एरवी मिळाले असते की नाही, हे घरातल्या टीव्हीकडे बघून ठरत नाही. पाहणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. घराच्या एकूण तासांची बेरीज हे लपवते. पैसे भरणाऱ्याचे तास नेहमी मोजले जातात, कारण हिशेब तोच करतो. दुपारी एकट्याने पाहणाऱ्याचे तास राहून जातात. पण ही हरकत मान्य केली तरी वार्षिक प्रीमियम प्लॅन त्यातून सिद्ध होत नाही. आजी फोनवर पाहतात. २०२५ मध्ये याच ॲपचा फक्त मोबाइलसाठीचा प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपयांना होता. आयपीएलनंतरच्या नऊ महिन्यांसाठी तो तीनदा घेतला तर ४४७ रुपये होतात. हजारांऐवजी ४४७. आजींचे तीस तास जसेच्या तसे मिळतात, आणि उरलेले पंधरा तासही कुणाला पाहायचे असतील तर फोनवर पाहता येतात. तासाला दहा रुपये पडले. या खर्चावर मी तरी कात्री चालवणार नाही. नोंद नीट वाचली की ठेवणं आणि सोडणं यांच्या मधला पर्याय बहुधा सापडतो. तो सापडायला कोण, कशावर आणि कधी पाहतं एवढं माहीत असावं लागतं.

मधल्या पर्यायाचा दुसरा मोठा मोका नेटफ्लिक्समध्ये असतो. तिथे सबंध वर्गणीचा विचार करण्याआधी पायऱ्यांचा करावा. डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवण्यात आले, त्यानंतर बेसिक प्लॅन १९९ रुपयांना आणि स्टँडर्ड ४९९ रुपयांना झाला. मधल्या ३०० रुपयांत मुख्यतः दोन गोष्टी मिळतात: थोडं जास्त स्वच्छ चित्र, आणि एकाच वेळी दोन पडद्यांवर पाहण्याची मुभा. दुसऱ्या पडद्याची किंमत काढायला आधीची फाइल उपयोगी पडते. वेगवेगळ्या प्रोफाइलांच्या ओळी सुरू होण्याच्या वेळेनुसार लावायच्या, आणि एकीचा काळ दुसरीवर कुठे चढतो ते बघायचं. एक ओळ रात्री नऊला सुरू होऊन पन्नास मिनिटं चालली आणि दुसरी साडेनऊला सुरू झाली, तर वीस मिनिटं एकमेकींवर आली. समजा या घरात असे तास वर्षातले दहा महिने शून्याच्या आसपास आहेत, आणि मुलगी घरी असते त्या मे महिन्यात व दिवाळीच्या सुट्टीत खूप आहेत. मग दहा महिने १९९ आणि दोन महिने ४९९ भरले की वर्षाचे २,९८८ रुपये होतात. आधी ५,९८८ जात होते. तीन हजार रुपये वाचले आणि पाहण्याचा एकही तास कमी झाला नाही. चित्राच्या स्वच्छतेचं काय, हा प्रश्न उरतो. मोठ्या टीव्हीवर बेसिकचं चित्र किंचित मऊ दिसतं, हे खरं आहे. ज्याला ते खुपतं त्याने वरचा प्लॅन ठेवावा, पण आपण ते पैसे चित्रासाठी देत आहोत हे ओळखून ठेवावा. एक महिना खाली उतरून पाहिलं की खुपतं की नाही ते कळतं.

प्राइमचा हिशेब वेगळा, कारण तिथे पाहणं आणि घरपोच सामान एकाच पैशात बांधलेलं आहे. १,४९९ रुपये पाहिलेल्या तासांनी भागणं तिथे चुकीचंच ठरतं. घरातली खरेदी पाहून एवढंच विचारावं, की केवळ डिलिव्हरीसाठी आपण कोणतं सदस्यत्व घेतलं असतं. व्हिडिओची सोय मर्यादित असलेलं स्वस्त लाइट सदस्यत्व ७९९ रुपयांना होतं. डिलिव्हरी तेवढ्यात भागत असेल, तर व्हिडिओची किंमत ७०० रुपये धरावी आणि तिला तासांनी भागावं. या घरात त्या दोन्ही गोष्टी लागतात असं धरून ते आहे तसं ठेवू. मोबाइलच्या रिचार्जसोबत येणाऱ्या ओटीटीलाही हीच कसोटी लावावी: तो रिचार्ज डेटासाठी घेतलाच असता, तर ओटीटीचे पैसे शून्य, आणि केवळ ओटीटीसाठी वरचा रिचार्ज घेतला असेल तर दोन रिचार्जमधला फरक हीच वर्गणी.

सगळ्यात गंभीर हरकत मात्र तास या मापावरच आहे. तास म्हणजे आनंद नव्हे. दोन तासांचा एखादा सिनेमा वर्षभर मनात राहतो, आणि भाजी निवडताना मागे चालू असलेली वीस तासांची मालिका संपल्यावर तिच्यातलं एक पात्रही आठवत नाही. तासांच्या हिशेबात दुसरी दहापट ठरते. ही हरकत इतकी खरी आहे, की खुद्द नेटफ्लिक्सलाही तिच्यापुढे माप बदलावं लागलं. त्यांनी २०२१ च्या अखेरीला आठवड्याच्या लोकप्रिय कार्यक्रमांची यादी प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा क्रम पाहिल्या गेलेल्या तासांवर लावला जाई. अर्थातच लांबलचक मालिका वर येत आणि छोट्या मालिका मागे पडत. जून २०२३ पासून त्यांनी पाहिलेल्या तासांना कार्यक्रमाच्या लांबीने भागून क्रम लावायला सुरुवात केली. घरच्या हिशेबाला हीच दुरुस्ती थोडी पुढे नेऊन लावता येते. महिन्यात जे पाहिलं त्याच्या यादीवर एकदा नजर फिरवायची, आणि हे पाहायचंच होतं म्हणून ॲप उघडलं अशा गोष्टींवर खूण करायची. ॲप उघडल्यावर समोर आलं म्हणून पाहिलं, अशा गोष्टींवर खूण नाही. खुणेच्या गोष्टी एक-दोन असल्या तरी १९९ रुपये सार्थकी लागले. खूण एकाही गोष्टीवर नसेल, तर तीस तास भरलेले असले तरी ती वर्गणी सोडण्यासारखी आहे, कारण ते तीस तास घरात शिल्लक असलेल्या दुसऱ्या कुठल्याही ॲपने तितक्याच सहज भरले असते.

तास मोजण्यात आणखी एक धोका आहे. तासामागचा दर खाली आणण्याचे दोन मार्ग असतात: कमी पैसे भरणं किंवा जास्त पाहणं. पैसे भरून झालेत, आता वसूल करायला हवेत, म्हणून जास्त पाहिलं तर आकडा सुंदर होतो आणि रात्रीची झोप जाते. म्हणून हे मोजमाप मागच्या महिन्यांचं असावं, चालू महिन्यात त्यावर लक्ष ठेवू नये. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत; वार्षिक प्लॅन घेऊन बसलेल्या घरानेही त्याची चुटपुट न ठेवता संपण्याची तारीख कॅलेंडरात लिहावी आणि निर्णय त्या तारखेला घ्यावा.

सिनेमाच्या तिकिटापेक्षा हे सगळं स्वस्तच आहे, मग एवढा विचार कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. मल्टिप्लेक्समध्ये चौघांच्या एका खेपेत महिन्याची वर्गणी सहज निघते, हे खरंच आहे. पण ही तुलना जागेवर नाही. चार वर्गण्या असलेलं घर चौथी बंद केल्यावर मल्टिप्लेक्सला जात नाही. ते उरलेल्या तीनपैकी एक ॲप उघडतं. म्हणजे चौथ्या वर्गणीची तुलना ज्या तासाशी करायची, त्या तासाचे पैसे आधीच भरलेले आहेत. दुसरे काही म्हणतात की हवं तेव्हा असावं म्हणून ठेवतो. औषधाच्या पेटीबद्दल हे पटतं, कारण गरज पडेल तेव्हा दुकान उघडं असेलच असं नाही. हे दुकान रात्री अडीचलाही उघडं असतं आणि दोन मिनिटांत वर्गणी पुन्हा सुरू होते. जी सोय फुकट मिळते तिच्यासाठी दरमहा पैसे भरायचं कारण नाही. मात्र एक अपवाद मी मानतो. ज्या माणसाला स्वतः पैसे भरता येत नाहीत, फोनवरचे व्यवहार जमत नाहीत, त्याच्यासाठी दुसऱ्याने वर्गणी बंद-चालू करत राहणं म्हणजे प्रत्येक वेळी त्याला विनंती करायला लावणं आहे. आजींचा प्लॅन अखंड ठेवावा.

शेवटी कष्टाची हरकत. एवढ्या नोंदी, एवढ्या तारखा कोण सांभाळणार? या घराचा निकाल बघू. नेटफ्लिक्सचे २,९८८, प्राइमचे १,४९९, आयपीएलसाठी ४९९ आणि आजींसाठी ४४७, मिळून ५,४३३ रुपये. आधी ८,९८६ होते. वर्षाला साडेतीन हजारांहून थोडे जास्त वाचले. नोंदी काढण्याचं काम वर्षातून एकदाच पुरतं, कारण घराच्या सवयी दर महिन्याला बदलत नाहीत. तारखांचं ओझं तर बँकेवरच आहे. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून पुरेपूर लागू झाले, आणि त्यानुसार पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला तसा संदेश यावा लागतो. त्यात कोणाला, किती आणि कधी जाणार ते असतं, आणि तो व्यवहार थांबवण्याची सोयही असते. पंधरा हजारांपर्यंतच्या रकमेला त्या वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून काहीच केलं नाही तर पैसे जातात. अशा वेळी थांबून विचार करण्याला किती वजन आहे, ते अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसतं. लिरान आइनाव, बेन क्लोपॅक आणि नील महोनी यांनी कार्ड बदललं जातं त्या महिन्याकडे पाहिलं. जुनं कार्ड बाद झाल्याने वर्गणी चालू ठेवायची तर ग्राहकाला स्वतः काहीतरी करावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी वर्गण्या सोडणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढतं. वर्गणी तीच, कार्यक्रम तेच. फरक एवढाच, की ग्राहकाला एकदा विचार करावा लागला. आपल्याकडे विचार करण्याची ती वेळ नियमाने दर वेळी पैसे कापण्याआधी येते, आणि आपण तो संदेश इतर पंधरा संदेशांबरोबर पुसून टाकतो.

तो पुढच्या वेळी येईल तेव्हा पुसू नका. त्या ॲपवर गेल्या महिन्यात काय पाहिलं याची यादी उघडा, पाहायचंच होतं अशा गोष्टींवर खूण करा, घरातल्या दुसऱ्या कुणाचं त्यावाचून अडेल का ते त्यांना विचारा, आणि खूण एकाही गोष्टीवर नसेल व अडणारं कुणी नसेल, तर पैसे जाण्याआधी वर्गणी थांबवा.